"रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा": घाबरलेल्या भाडेकरू ताईंना लिहिलेलं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

काल ऑफिसात आलात तेव्हा तुम्ही तीनदा एकच प्रश्न विचारलात, "आमच्याकडे कागदच नाही, मग आमचा हक्क कसला?" वकील मॅडम तेव्हा कोर्टात होत्या, म्हणून तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं. रात्री त्यांच्याबरोबर बसून कायद्याची कलमं पाहिली. मी अजून कायद्याची विद्यार्थिनी आहे आणि इथे इंटर्न म्हणून शिकते आहे, त्यामुळे हे पत्र मॅडमनी वाचून, दुरुस्त करून दिल्यावरच तुम्हाला पाठवते आहे. कोर्टात उभं राहण्याचं काम त्याच करतील. पण तुमची झोप उडाली आहे ती आत्ता, आणि रविवारला तीनच दिवस उरलेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुम्ही सांगितलेली हकीगत. काही चुकलं असेल तर लगेच फोन करा, कारण पुढचा सगळा सल्ला हिच्यावर उभा आहे. दोन खोल्यांत तुम्ही सहा वर्षं राहता. भाडं महिना 9,000 रुपये. सुरुवातीला मालकांनी 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा काहीतरी करार करून घेतला, तुमची सही घेतली, पण तुम्हाला प्रत दिली नाही. तो कुठे नोंदवला नाही आणि पुन्हा कधी केलाही नाही. पहिली दोन वर्षं तुम्ही भाडं रोख दिलंत, नंतर तुमच्या खात्यातून मोबाइलवरून. यजमानांना अपघात झाल्यामुळे मागच्या दोन महिन्यांचं भाडं थकलं, म्हणजे 18,000 रुपये. मंगळवारी संध्याकाळी मालक दारात येऊन म्हणाले, "भाडं 14,000 करा, नाहीतर रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा. नाही केल्यात तर कुलूप बदलीन, नळ तोडीन." जाताना असंही म्हणाले की मुलाचं लग्न ठरलंय, खोल्या त्याला हव्यात.

रविवारच्या या मुदतीला कायद्यात काहीही किंमत नाही. खोल्या मालकांच्या आहेत हे खरं, आणि त्या परत मागण्याचा हक्कही त्यांना काही कारणांसाठी आहे. पण मागणं वेगळं आणि हाताने ओढून घेणं वेगळं. राहत्या भाडेकरूला बाहेर काढायचं तर मालकाला कोर्टात दावा लावावा लागतो, तो जिंकावा लागतो, आणि मग कोर्टाचा बेलीफ हुकूम घेऊन येतो. मालक स्वतः, त्यांचा मुलगा, सोसायटीचे लोक, यांच्यातल्या कोणालाही हे काम करता येत नाही. पोलिसांनाही कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही.

आता कागदाचं. तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. तो राज्यातल्या ठरवून दिलेल्या शहरी भागांना लागू आहे आणि तुमचा पत्ता त्यात येतो. या कायद्याचं 55 वं कलम तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देतं. घर भाड्याने द्यायचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायची नुसती परवानगी देणारा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी सुटका नाही; "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज आपल्याकडे इतका रुजलाय की तो मला माझ्या घरीही ऐकायला मिळाला. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. करार नोंदवला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नसण्याचा तोटा कायद्याने मालकाच्या पदरात टाकला आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद त्याच कलमात आहे, पण हे त्यांना तोंडावर सुनावायला जाऊ नका. भांडण पेटेल आणि हाती काही लागणार नाही. कोर्टात सांगायची वेळ आली तर मॅडम सांगतील.

अर्थात तुम्ही सांगाल ते धरायचं म्हटलं तरी "मी इथे भाडं देऊन राहते" एवढं दिसेल असा पुरावा तुमच्याकडे हवाच. काल तुम्ही पिशवीतून जी निळी डायरी काढलीत, ती तुम्हाला वाटते त्याहून फार मोलाची आहे. मी ती पानोपान पाहिली. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक महिन्याला तारीख, "9,000 पोचले" आणि खाली मालकांची सही. एका पानावर "पैकी 4,000 पोचले" आणि आठ दिवसांनी "उरलेले 5,000 पोचले" असंही आहे. अशी नोंद मागाहून बनवलेली वाटत नाही, म्हणून कोर्टाला ती खरी वाटते. पुढच्या चार वर्षांचे बँकेचे उतारे काढून आणा. प्रत्येक महिन्याला तीच रक्कम, त्याच माणसाच्या खात्यात गेलेली दिसली की डायरीचा धागा तुटत नाही. त्यांच्या जोडीला त्या पत्त्याचं आधार, गॅसचं पुस्तक, मुलीच्या शाळेतली नोंद. आणि डायरी यापुढे कोणाच्याही हातात देऊ नका, मालक "जरा बघू" म्हणाले तरी. आज रात्रीच पानापानाचे फोटो काढून ठेवा.

जाता जाता, भाड्याची लेखी पावती देणं हेही मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. सहा वर्षांत तुम्हाला एकही मिळाली नाही, ही त्यांची कसूर आहे.

एका ठिकाणी मात्र तुमची बाजू मला पूर्ण पक्की वाटत नाही, आणि ते झाकून ठेवणं बरोबर नाही. त्या जुन्या स्टॅम्प पेपरावर काय लिहिलंय ते आपण पाहिलेलं नाही. वर "भाडे करार" लिहिलं असेल तर प्रश्न नाही. "लीव्ह अँड लायसन्स" लिहिलं असेल तर मालक म्हणतील की ताई भाडेकरू नाहीतच, त्या लायसन्सी होत्या आणि त्यांची मुदत पाच वर्षांपूर्वी संपली. हा फरक मोठा आहे. भाडेकरूला काढायला ठरावीक कारण सिद्ध करावं लागतं. लायसन्सीची मुदत संपली एवढंच मालकाला पुरतं. 24 व्या कलमाखाली तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो, तिथे काम झटपट चालतं, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तुमच्या बाबतीत तो कागद नोंदवलेला नाही, अकरा महिन्यांनंतर पुन्हा केलेला नाही, आणि त्यानंतर पाच वर्षं मालक दरमहा पैसे घेत राहिले, त्यामुळे आपल्याकडे चांगलं उत्तर आहे. तरी तो वादाचा मुद्दा होईल, हे धरून चला. आणि कोणत्याही बाजूने निकाल लागला तरी एक गोष्ट बदलत नाही: लायसन्सीलासुद्धा कुलूप फोडून बाहेर काढता येत नाही. मुदत संपलेल्या लायसन्सीला मालकाने जबरदस्तीने काढलं, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली हेच सांगितलं, की ताबा घ्यायचा तो कायद्याच्या मार्गानेच.

याच कारणासाठी आता जे सांगते ते नीट वाचा. धमकी चालली नाही की मालक बहुधा गोड बोलायला येतील. "जाऊ द्या ताई, राहा तुम्ही. फक्त या वेळी रीतसर रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट करू, तुमच्याच फायद्याचं आहे." एजंट घरी येईल, छोट्या यंत्रावर तुमचा अंगठा घेईल, वेबकॅमने फोटो काढेल, आणि वीस मिनिटांत अकरा महिन्यांचा नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स तयार होईल. तो अंगठा दिलात की सहा वर्षांच्या भाडेकरू असलेल्या तुम्ही स्वतःच्या हाताने अकरा महिन्यांच्या लायसन्सी होता. कारण 24 व्या कलमात असं लिहिलंय की लायसन्सच्या लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानायचं. मग डायरी दाखवून "मी आधीपासून भाडेकरू होते" हे सांगणं फार अवघड होऊन बसतं. नोंदणी ही चांगली गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण कशाची नोंदणी होते आहे ते पाहिल्याशिवाय अंगठा नको. कोणताही कागद आला की "वकिलांना दाखवून सांगते" एवढंच म्हणा. "मी स्वखुशीने ताबा सोडत आहे" अशी दोन ओळींची चिठ्ठी असली तरी हेच उत्तर.

थकलेल्या भाड्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय हे मला काल दिसलं. पैसे देणं लागतो हे खरंच आहे, आणि तुमची सगळ्यांत कमकुवत बाजू तीच आहे. पण दोन महिने थकले म्हणून कायदा कोणाला रस्त्यावर काढत नाही. 15 व्या कलमात भाडेकरूला दोनदा संधी दिली आहे. पहिली दाव्याच्या आधी: थकबाकीसाठी दावा लावायचा तर मालकाने लेखी मागणीची नोटीस द्यायला हवी आणि ती तुम्हाला मिळाल्यापासून 90 दिवस थांबायला हवं. मंगळवारचं दारातलं बोलणं ही नोटीस नव्हे. समजा 10 जुलैला नोटीस हातात पडली, तर 8 ऑक्टोबरला 90 दिवस भरतात. त्याआधी त्यांना या कारणावर दावा लावता येत नाही, आणि तोवर तुम्ही पैसे दिलेत तर कारणच उरत नाही. दुसरी संधी दाव्यानंतर: कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला 15 टक्के सरळव्याज आणि कोर्ट सांगेल तो खर्च भरला, तर या कारणावर घर सोडण्याचा हुकूम होत नाही. 18,000 वर हे व्याज महिन्याला 225 रुपये होतं, म्हणजे आवाक्यातलं आहे.

या दुसऱ्या संधीत लोक एका जागी हमखास फसतात. थकबाकी भरली की सुटलो असं त्यांना वाटतं. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुढचं भाडंही नियमित भरत राहावं लागतं. दावा वर्षानुवर्षं चालतो, मध्येच दोन-तीन महिने राहून जातात, आणि मग कायद्याने दिलेलं संरक्षण हातातून जातं. म्हणून माझं आणि मॅडमचंही म्हणणं असं की नोटिशीची वाट पाहू नका. जमलं तर दोन्ही महिने, नाहीतर निदान एक महिना आजच्या आज त्यांच्या खात्यात टाका आणि शेऱ्यात महिन्याचं नाव लिहा. त्यांनी पैसे परत पाठवले किंवा तुमचा नंबर बंद करून ठेवला, तर त्यांच्या नावाचा डीडी काढून पत्रासह स्पीड पोस्टाने पाठवू. तुम्ही पैसे द्यायला तयार होता, हे कागदावर दिसलं पाहिजे. आणि "ते असे वागतात तर मी भाडंच देणार नाही" हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. त्याने त्यांना आयतं कारण मिळतं.

उद्या खरंच पोस्टाने नोटीस आली तर ती घ्या. न घेतल्याने ती टळत नाही. नाकारलेलं टपाल बहुतेक वेळा मिळालं असंच धरतात. पाकीट फेकू नका, त्यावरच्या तारखेवरून आपल्याला दिवस मोजायचे आहेत.

14,000 ची मागणी थोडक्यात निकाली काढते. या कायद्याखाली मालकाला भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. 9,000 वर 4 टक्के म्हणजे 360 रुपये. ते मागताहेत 5,000. तेवढी वाढ दिली नाही म्हणून तुम्ही थकबाकीदार ठरत नाही. 360 ची वाढ त्यांनी रीतसर मागितली तर मात्र देऊन टाका.

मुलाच्या लग्नाचं कारण मी हलकं समजत नाही, तुम्हीही समजू नका. मालकाला स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी जागेची खरी आणि वाजवी गरज असणं हे 16 व्या कलमातलं मान्य कारण आहे, आणि अशा कारणावर भाडेकरू दावे हरतात. पण तेही कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि कोर्ट दोन्ही घरांची अडचण तोलून पाहतं: त्यांच्याकडे दुसरी जागा आहे का, तुम्हाला याच भागात दुसरं घर मिळण्यासारखं आहे का, कोणाचे हाल जास्त होतील. कधी कधी जागेचा काही भागच परत करायचा हुकूम होतो. मंगळवारी मालकांनी आधी 14,000 मागितले आणि खोल्या मुलाला हव्यात हे नंतर सांगितलं. जास्त भाडं मिळालं तर ज्या खोल्या तुम्हालाच देणार होते, त्यांची मुलासाठी किती गरज आहे, हा प्रश्न कोर्टात विचारता येईल. म्हणून त्यांचे शब्द, वेळ आणि तेव्हा जिन्यात कोण उभं होतं हे आजच लिहून ठेवा. चार महिन्यांनी आठवत नाही.

आता रविवार. शनिवारी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा आहे. मसुदा या पत्राबरोबर जोडला आहे. त्यात फक्त घडलेलं लिहिलंय: कोण आलं, काय म्हणालं, कोणत्या दिवशी काय करणार म्हणाले. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच म्हणून शिक्का, तारीख घ्या. तिथे तुम्हाला "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा" असं सांगतील. ते अर्धं बरोबर आहे. खोल्या कोणी रिकाम्या करायच्या हा दिवाणी वाद आहे. पण धमकी देणं आणि राहत्या घरात जबरदस्तीने घुसणं हे भारतीय न्याय संहितेतले गुन्हे आहेत, अनुक्रमे कलम 351 आणि 329. मसुद्यात ती लिहिली आहेत. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली तरी चालेल, तिची प्रत घ्या. पुढे मनाई हुकूम मागताना "भीती खरी होती" हे दाखवायला तीच लागते.

रविवारी घर एक क्षणही मोकळं ठेवू नका. सकाळी नळाला पाणी येताना आणि मीटर चालू असताना तारीख दिसेल असा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. मालक आले तर दार बंद न करता, आवाज न चढवता एवढंच म्हणा, "तुम्ही कोर्टातून या, कोर्ट सांगेल ते मी करीन." त्यांना ढकलू नका, त्यांच्या अंगावर जाऊ नका, तुमच्याविरुद्ध तक्रार व्हायला तेवढं पुरतं. सामानाला हात घातला तर 112 ला फोन करा आणि शेजारच्या आजींना बाहेर बोलवा. साक्षीदार म्हणून त्या पुरेशा आहेत.

पाणी किंवा वीज तोडली तर 29 वं कलम आहे. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय बंद करायला मालकाला मनाई आहे, आणि ते केलं तर तो गुन्हा आहे. कोर्टात अर्ज केला की पूर्ण चौकशीची वाट न पाहता, आधी जोडून द्या असा अंतरिम हुकूम कोर्ट देऊ शकतं. तोडलेला पाइप आहे तसा ठेवा, आधी फोटो, मग प्लंबर.

आणि सगळं करूनही तुम्ही बाहेर असताना कुलूप बदललं गेलं, तर सगळं संपलं असं समजू नका. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 चं 6 वं कलम अशा वेळेसाठीच आहे. संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्याला काढलं, तो ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच कोर्ट पाहत नाही; ताबा कोणाकडे होता आणि तो कसा गेला एवढंच पाहतं. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. "बोलणी चाललीत, बघू" म्हणत लोक सातव्या महिन्यात येतात आणि मग हा सोपा रस्ता बंद झालेला असतो. तुम्ही त्याच दिवशी या.

तिथवर येऊच नये म्हणून सोमवारी मॅडम कोर्टात मनाई हुकमाचा दावा आणि तातडीचा अर्ज दाखल करायचं म्हणताहेत. अशी कामं मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि जिथे तसं न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांसमोर चालतात. आपण मागणार एवढंच, की कायद्याच्या मार्गाखेरीज ताब्याला हात लावू नये. असा हुकूम मिळाला तरी मालकांना रीतसर दावा लावण्यापासून कोणी अडवत नाही. तो त्यांनी लावला तर आपल्याला लढावा लागेल, आणि लग्नाची गरज खरी निघाली तर पुढे कधीतरी घर सोडावंही लागेल. पण तेव्हा हाताशी वेळ असेल, मुलीची दहावीची परीक्षा झालेली असेल, आणि सामान तुम्ही स्वतः बांधाल.

फीची काळजी काल तुम्ही दारातून मागे वळून बोलून दाखवलीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. अर्ज भरायला मी तुमच्याबरोबर येईन.

सोमवारी दहाला या. येताना डायरी, बँकेचे उतारे, आधार, गॅसचं पुस्तक, शाळेचा दाखला आणि पोलिसांच्या शिक्क्याची प्रत आणा. रविवारी काहीही झालं तरी, कितीही वाजलेले असले तरी, मला फोन करा.

आपली,
विधी प्रशिक्षणार्थी
(वकील मॅडमनी वाचून मंजूर केलेलं)